पाचातला एक कुठे जातो?

तुझा प्रश्न असा होता: रोपं पाच मोजली, पाचही उंच्या वहीत लिहिल्या, मग व्हेरिअन्स काढताना भागायचं चारने का? आणि सगळे म्हणतात की ‘एक डिग्री ऑफ फ्रीडम गेली’, तर ती नेमकी जाते कुठे?

पाठ्यपुस्तकात याचं उत्तर एका ओळीत असतं. सरासरी ठरली की शेवटची संख्या आपोआप ठरते, म्हणून एक वजा करायचा. ही ओळ खरी आहे, पण ती अर्धीच आहे. शेवटची संख्या बांधली गेली हे कळतं. पण ती बांधली गेली म्हणून भाजक का बदलायचा, हे त्यात कुठेच येत नाही. तू अडलास तो तिथेच, आणि अडायला हवंच होतं. म्हणून आधी बंधन म्हणजे काय ते पाहू आणि मग त्या बंधनातून भाजकापर्यंत कसं पोचायचं ते पाहू.

तुझ्या पाच रोपांच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये अशा आहेत: ११, १४, ९, १५, ११. बेरीज ६०, सरासरी १२. आता प्रत्येक रोप सरासरीपासून किती दूर आहे ते लिही. पहिलं एकाने कमी, दुसरं दोनने जास्त, तिसरं तीनने कमी, चौथं तीनने जास्त, पाचवं एकाने कमी. म्हणजे −१, +२, −३, +३, −१. यांची बेरीज करून बघ, शून्य येते. ती नेहमीच शून्य येणार, कारण सरासरीची व्याख्याच अशी आहे की तिच्या वरची आणि खालची अंतरं एकमेकांना पुरी पडतात.

आता यातली कुठलीही चार अंतरं मला सांग आणि पाचवं हाताखाली झाक. तू −१, +२, −३, +३ सांगितलंस, तर त्यांची बेरीज +१ होते, म्हणून झाकलेलं −१च असलं पाहिजे. मी रोपाकडे न बघता ते सांगू शकतो. याचा अर्थ असा की कागदावर अंतरं पाच दिसत असली, तरी त्यांच्यात माहिती चारच अंतरांइतकी आहे. चार अंतरं हवी ती किंमत घेऊ शकतात, पाचव्याला तेवढी मोकळीक उरत नाही. या मोकळ्या संख्यांच्या मोजणीला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. पाच निरीक्षणं, त्यांच्यावर ‘बेरीज शून्य’ हे एक बंधन, उरल्या चार.

इथे एक गैरसमज लगेच होतो. ‘शेवटची संख्या ठरते’ असं ऐकलं की वाटतं, पाचव्या रोपात काहीतरी कमी आहे. तसं नाही. मी तिसरं झाकलं असतं तर तिसरं ठरलं असतं. एकही रोप एकटं बांधलेलं नाही, पाचही मिळून एका बंधनात आहेत. मूळ उंच्यांवर तर बंधन नाहीच. ११, १४, ९, १५, ११ या संख्या जमिनीतून आल्या, त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. बंधन आलं ते आपण त्याच पाच संख्यांतून सरासरी काढली आणि मग तिच्यापासून अंतरं मोजली तेव्हा. सरासरी बाहेरून मिळाली असती तर बंधन आलंच नसतं. हा मुद्दा पक्का लक्षात ठेव, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता भाजकाकडे येऊ. व्हेरिअन्स काढायचा म्हणजे अंतरांचे वर्ग घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. वर्ग १, ४, ९, ९, १, बेरीज २४. पाचने भागलं तर ४.८, चारने भागलं तर ६. यातलं खरं कुठलं?

‘खरं’ म्हणजे काय, ते आधी ठरवायला हवं. तुला या पाच रोपांत रस नाही. तुला त्या वाफ्यातल्या, त्या बियाण्याच्या सगळ्या रोपांची उंची किती पसरलेली आहे हे हवं आहे, आणि ही पाच रोपं त्याचा नमुना आहेत. त्या सगळ्या रोपांची खरी सरासरी तुला माहीत नाही. तू तिच्या जागी नमुन्याची सरासरी, १२, वापरलीस. गोम इथेच आहे. १२ ही संख्या या पाच रोपांमधूनच आली आहे, त्यामुळे ती या पाचांच्या सोयीची आहे. अंतरांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी कुठे येते, असं शोधलं तर उत्तर बरोबर १२ येतं. १३ पासून अंतरं मोजून बघ: ४, १, १६, ४, ४, बेरीज २९. ११ पासून मोजलीस तरी २९च. खरी सरासरी १३ असो, ११ असो, १२.४ असो, तिच्यापासून मोजलेली बेरीज २४ पेक्षा जास्तच आली असती. म्हणजे नमुन्याची सरासरी वापरली की पसारा खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या पसाऱ्यापेक्षा कमी दिसतो, जास्त कधीच दिसत नाही.

कमी दिसतो हे समजलं, पण किती कमी? इथे एक छोटा प्रयोग करू, पूर्ण, काहीही न सोडता. डब्यात तीन चिठ्ठ्या आहेत: २, ४ आणि ६. हीच आपली सगळी समष्टी. खरी सरासरी ४. खरा व्हेरिअन्स म्हणजे अंतरांचे वर्ग ४, ०, ४, त्यांची बेरीज ८, भागिले ३, म्हणजे साधारण २.६७. इथे तीननेच भागायचं, कारण सगळी समष्टी हातात आहे आणि सरासरी अंदाजाने घेतलेली नाही.

आता समज की डब्यात काय आहे ते माहीत नाही. एक चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची, मग दुसरी काढायची. दोनचा नमुना. असे नऊ नमुने शक्य आहेत आणि नऊही सारख्याच शक्यतेचे आहेत. प्रत्येकात नमुन्याची सरासरी काढून अंतरांच्या वर्गांची बेरीज करू. (२,२), (४,४), (६,६) या तिन्हींत ती शून्य येते. (२,४) आणि (४,२) मध्ये सरासरी ३, अंतरं एकेक, बेरीज २. (४,६) आणि (६,४) मध्येही २. (२,६) आणि (६,२) मध्ये सरासरी ४, अंतरं दोन-दोन, बेरीज ८. नऊ नमुन्यांची एकूण बेरीज २ + २ + २ + २ + ८ + ८, म्हणजे २४. एका नमुन्यामागे सरासरी २४ भागिले ९, म्हणजे २.६७.

खरा व्हेरिअन्सही २.६७च होता. म्हणजे दोन चिठ्ठ्यांच्या नमुन्यात वर्गांची बेरीज सरासरीने एकाच व्हेरिअन्सइतकी भरते. तिला दोनने भागलं तर १.३३ येईल, खऱ्याच्या निम्मं. एकने, म्हणजे दोन वजा एकने भागलं तर उत्तर बरोबर जागेवर बसतं.

आता तेच नऊ नमुने पुन्हा घे, पण या वेळी कुणीतरी आधीच सांगितलं आहे की खरी सरासरी ४ आहे. अंतरं ४ पासून मोजायची. (२,२) मध्ये ८, (६,६) मध्ये ८, (४,४) मध्ये शून्य; २ आणि ४ च्या दोन जोड्यांत ४-४, ४ आणि ६ च्या दोन जोड्यांत ४-४, २ आणि ६ च्या दोन जोड्यांत ८-८. एकूण ४८. एका नमुन्यामागे ५.३३, म्हणजे बरोबर दोन व्हेरिअन्स. इथे दोनने भागायचं आणि एकही वजा करायचा नाही. नमुने तेच आणि चिठ्ठ्याही त्याच आहेत, फक्त सरासरी नमुन्यातून घेतली की बाहेरून मिळाली एवढाच फरक. बाहेरून मिळाली तर प्रत्येक नमुन्यात दोन व्हेरिअन्सचा ऐवज असतो. नमुन्यातून काढली तर त्यातला एक खर्च होतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तो एक सरासरी काढण्यात गेला. आणि तो ‘साधारण एक’ नाही, मोजून एकच. नमुना पाचचा असो की पाचशेचा, नमुन्याच्या सरासरीपासून मोजल्यामुळे वर्गांच्या बेरजेतून सरासरीने एकाच व्हेरिअन्सइतका भाग कमी होतो. पाचात चार उरतात, पाचशेत चारशे नव्व्याण्णव. म्हणूनच मोठ्या नमुन्यात हा फरक जाणवत नाही आणि लहान नमुन्यात बोचतो.

‘कुठे गेला’ हे अजून जवळून बघायचं असेल तर एकाच रोपाकडे बघ. पहिल्या रोपाचं अंतर म्हणजे त्याची उंची वजा पाचांची सरासरी. पण त्या सरासरीत पाचवा हिस्सा त्याचाच आहे. म्हणजे रोप उंच निघालं तर ते सरासरीलाही थोडं आपल्याकडे ओढून घेतं आणि स्वतःचं अंतर कमी करून ठेवतं. हिशेब केला तर त्या अंतरात स्वतःच्या उंचीचे ४/५ उरतात आणि इतर चौघांच्या उंचीचे प्रत्येकी १/५ वजा होतात. व्हेरिअन्समध्ये या गुणकांचे वर्ग येतात: १६/२५ अधिक चार वेळा १/२५, म्हणजे २०/२५, म्हणजे ४/५. प्रत्येक रोपाच्या अंतरात खऱ्या व्हेरिअन्सचा चार-पंचमांश भागच शिल्लक आहे. असे पाच चार-पंचमांश मिळून चार. सगळ्यांच्या अंगचं थोडंथोडं गेलं आहे, एकाचंच सगळं नाही.

मला हे स्पष्टीकरण ‘शेवटची संख्या ठरते’ यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. बंधन एक आणि खर्च एक व्हेरिअन्स, हे दोन्ही आकडे जुळतात तो योगायोग नाही. प्रत्येक स्वतंत्र बंधन पसाऱ्याची एक दिशा बंद करतं आणि प्रत्येक दिशेत सरासरीने एकेका व्हेरिअन्सइतका पसारा असतो. यापुढे डिग्रीज ऑफ फ्रीडम दिसल्या की हे वाक्य आठव: वर्गांच्या बेरजेत सरासरीने किती व्हेरिअन्स शिल्लक आहेत, ती ही संख्या.

संगणकावर काम करताना मात्र जपून राहा, कारण कुठला भाजक वापरला हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. पायथनमध्ये तुझेच आकडे घातले तर असं येतं:

```
import numpy as np
x = [11, 14, 9, 15, 11]
np.var(x)           # 4.8
np.var(x, ddof=1)   # 6.0
```

नमपाय काही न सांगता पाचने भागतं. `ddof=1` लिहिलं की चारने. आर भाषेतलं `var(x)` मात्र आपणहून चारनेच भागतं. एक्सेलमध्ये `VAR.P` आणि `VAR.S` अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत, पहिलं समष्टीसाठी, दुसरं नमुन्यासाठी. शंका आली तर दोन-तीन सोप्या संख्या घालून हाताने केलेल्या उत्तराशी ताडून बघ. अर्ध्या मिनिटात कळतं.

आता या चारचा उपयोग. तुला रोपांच्या खऱ्या सरासरीबद्दल काही म्हणायचं आहे. व्हेरिअन्स ६, त्याचं वर्गमूळ २.४५ हे प्रमाणित विचलन, आणि त्याला पाचच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाणित चूक १.१० येते. मोठ्या नमुन्यात आपण याला १.९६ ने गुणतो आणि ९५ टक्क्यांची मर्यादा काढतो. पाच रोपांना ते चालत नाही. इथे प्रमाणित विचलनच चार डिग्रीज ऑफ फ्रीडमवर उभं आहे, ते स्वतःच बेभरवशाचं आहे. नशिबाने पाच रोपं जवळजवळच्या उंचीची निघाली तर ते फार लहान येईल आणि आपण खोट्या खात्रीने बोलू. या बेभरवशाची किंमत चुकवायला टी-कोष्टक असतं. त्यात डावीकडचा रकाना नमुन्याच्या आकाराचा नाही, डिग्रीज ऑफ फ्रीडमचा आहे. चारच्या ओळीत १.९६ च्या जागी २.७७६ मिळतात. म्हणून मर्यादा १२ च्या दोन्ही बाजूंना ३.०४, म्हणजे साधारण ९ ते १५ सेंटिमीटर. पाचने भागून आणि १.९६ वापरून काढली असतीस तर १०.१ ते १३.९ आली असती. दिसायला नेटकी, पण पाच रोपांना न झेपणारी. आणि एकाच डिग्री ऑफ फ्रीडमच्या ओळीत कोष्टक १२.७०६ दाखवतं. दोन रोपांवरून काही बोलायचं तर एवढी किंमत द्यावी लागते.

हे कोष्टक ज्याच्या कामातून आलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहायचा. त्याचा लेख १९०८ चा. जवाच्या आणि बिअरच्या प्रयोगांत त्याला चार-सहा निरीक्षणांवरून निर्णय घ्यावे लागत, हजारो मोजमापं हाताशी नसत. गंमत अशी की त्या लेखात त्याने स्वतः n नेच भागलं होतं आणि कोष्टक त्या हिशेबाने जुळवलं होतं. आज आपण वापरतो ती मांडणी, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडमवर बेतलेली, पुढे रोनल्ड फिशरने केली. भाजकातून वजाबाकी करण्याची कल्पना मात्र त्याच्याही आधीची. मोजमापांतल्या चुकांवरच्या १८२३ च्या कामात गाउसने दाखवलं होतं की अज्ञात राशी जितक्या शोधल्या तितक्या निरीक्षणांच्या संख्येतून वजा करायच्या.

गाउसचा तो नियम तुला पुढच्या सेमिस्टरला रेषा बसवताना पुन्हा भेटेल. रोपाची उंची आणि त्याला दिलेलं पाणी यांच्यात सरळ रेषा बसवायची, तर डेटामधून दोन गोष्टी काढाव्या लागतात: रेषेचा चढ आणि ती कुठून सुरू होते ते. बंधनंही दोन येतात. रेषेपासूनच्या अंतरांची बेरीज शून्य, आणि त्या अंतरांना आपापल्या पाण्याच्या आकड्याने गुणून केलेली बेरीजही शून्य. पाच रोपांत उरल्या तीन. आणि फक्त दोनच रोपं असतील तर? दोन बिंदूंतून रेषा बिनचूक जाते, अंतरं शून्य, डिग्रीज ऑफ फ्रीडम शून्य. रेषा परिपूर्ण बसली असं दिसतं, पण ती कुठल्याही दोन बिंदूंतून तशीच बसली असती, म्हणून त्या बसण्यातून काहीही कळत नाही. आरच्या उत्तरात तळाशी `on 3 degrees of freedom` असं छापून येतं ते याचसाठी वाचायचं.

एक चूक मात्र सूत्राने पकडता येत नाही, कारण ती मोजणीच्या आधीच झालेली असते. समज तू पाच रोपांची प्रत्येकी पाच पानं मोजलीस आणि २५ आकडे संगणकाला दिलेस. संगणक निमूटपणे २४ डिग्रीज ऑफ फ्रीडम लिहील. पण एकाच रोपाची पानं एकमेकांसारखी असतात; रोप जोमदार असेल तर त्याची पाचही पानं मोठी. वर ज्या हिशेबात प्रत्येक दिशेत एकेक व्हेरिअन्स निघाला, त्यात निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत होतं. तसं नसेल तर २४ हा आकडा पोकळ आहे. रोपांच्या समष्टीबद्दल बोलायचं असेल तर आधी प्रत्येक रोपाच्या पानांची सरासरी काढायची, पाच आकडे घ्यायचे, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम चार. पानं कितीही मोजलीस तरी रोपं पाचच राहतात. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: डिग्रीज ऑफ फ्रीडमचा आकडा प्रयोगातल्या स्वतंत्र वस्तूंच्या संख्येपेक्षा मोठा दिसला की थांबायचं.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात रंगतदार. एका आकड्याच्या चुकीने निकाल उलटा कसा होतो ते यात दिसतं, आणि ही चूक साध्यासुध्या माणसाची नव्हती.

एक कल्पित तक्ता घेऊ. १०० माणसं, ६० जणांना लस दिली, ४० जणांना नाही. १०० पैकी ३० आजारी पडले. लसीचा काहीच परिणाम नसता तर आजारी माणसं त्याच प्रमाणात वाटली गेली असती: लस घेतलेल्यांत १८, न घेतलेल्यांत १२. आणि बरे राहिलेले अनुक्रमे ४२ आणि २८. प्रत्यक्षात लस घेतलेल्यांत १२ जणच आजारी पडले असं समज. हा एक आकडा लिहिल्याबरोबर बाकीची तीन घरं भरून येतात, कारण आडव्या-उभ्या बेरजा ठरलेल्या आहेत. न घेतलेल्यांत १८ आजारी, घेतलेल्यांत ४८ बरे, न घेतलेल्यांत २२ बरे. अपेक्षेपासूनचे फरक −६, +६, +६, −६. चार घरं, पण मोकळं एकच.

काय-स्क्वेअर काढायचा तर प्रत्येक फरकाचा वर्ग, ३६, त्या-त्या अपेक्षित आकड्याने भागायचा: २ + ३ + ०.८६ + १.२९, मिळून ७.१४. आता कोष्टकात कुठल्या ओळीत बघायचं? तीनच्या ओळीत पाच टक्क्यांची सीमा ७.८१ आहे. ७.१४ त्याच्या आत, म्हणजे लसीचा परिणाम सिद्ध झाला नाही. एकच्या ओळीत सीमा ३.८४ आहे. ७.१४ तिच्या बरंच पलीकडे, म्हणजे एवढा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. तीच माणसं, तेच आजारी, आणि निकाल दोन.

काय-स्क्वेअरची कसोटी कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडली. अशा चार घरांच्या तक्त्यालाही त्याने तीनचीच ओळ लावली: चार घरं, एकूण संख्या ठरलेली, म्हणून एक वजा. नियम मुळात चूक नव्हता. अपेक्षित आकडे डेटाच्या बाहेरून आले असतील तर तो बरोबर आहे. मेंडेलच्या वाटाण्यांचं उदाहरण घे. गोल-पिवळे ३१५, सुरकुतलेले-पिवळे १०१, गोल-हिरवे १०८, सुरकुतलेले-हिरवे ३२, एकूण ५५६. अपेक्षित प्रमाण ९:३:३:१ हे सिद्धान्तातून आलं, हे ५५६ वाटाणे मोजून काढलेलं नाही. इथे डेटामधून घेतली ती फक्त एकूण संख्या. चार घरं, बंधन एक, डिग्रीज ऑफ फ्रीडम तीन. लसीच्या तक्त्यात मात्र लस घेतलेल्यांचं प्रमाण आणि आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण, ही दोन्ही त्याच १०० माणसांमधून काढली. एकूण संख्या धरून बंधनं तीन, उरली एक. घरं तितकीच आहेत, पण आपण डेटाकडून किती गोष्टी उसन्या घेतल्या ते वेगळं आहे.

काहीतरी बिनसतंय हे १९१५ मध्येच दिसलं होतं. मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लसीकरणाचे आकडे तपासत होते. त्यांनी एकाच तक्त्याला दोन रीती लावून पाहिल्या: एक काय-स्क्वेअरची, दुसरी दोन प्रमाणांमधल्या फरकाची. दोन्ही रीती एकच प्रश्न विचारत होत्या, पण उत्तरं जुळेनात. का, ते त्यांना सोडवता आलं नाही. १९२२ मध्ये फिशरने रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात कारण दाखवलं: ओळ चुकीची आहे, तीन नव्हे, एक. ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ ही संज्ञा संख्याशास्त्रात रुळली ती या लेखापासून. पिअर्सनला ते पटलं नाही आणि त्याने छापील उत्तरात फिशरवर कडक टीका केली. त्या काळात पिअर्सनचा दबदबा मोठा होता. त्याच्या विरुद्ध तिशीतल्या माणसाचा युक्तिवाद पुरेसा ठरेल असं नव्हतं.

पण हा वाद मोजून मिटवता येण्यासारखा होता, आणि कसा ते तुला आता सांगायलाच नको. डब्यातल्या चिठ्ठ्यांत पाहिलं की वर्गांची बेरीज सरासरीने डिग्रीज ऑफ फ्रीडमइतक्या व्हेरिअन्सची भरते. काय-स्क्वेअरही वर्गांचीच बेरीज आहे, प्रत्येक वर्ग आपापल्या मापाने भागलेला. तेव्हा लस आणि आजार यांचा काहीही संबंध नसलेले पुष्कळ तक्ते तयार करायचे, प्रत्येकाचा काय-स्क्वेअर काढायचा आणि त्या सगळ्यांची सरासरी घ्यायची. पिअर्सन बरोबर असेल तर ती तीनजवळ येईल, फिशर बरोबर असेल तर एकजवळ. यूलने १९२२ मध्येच असे तक्ते प्रत्यक्ष प्रयोगाने तयार केले आणि त्याचे आकडे फिशरच्या बाजूने पडले. मग १९२६ मध्ये फिशरला फार मोठा साठा मिळाला: दुसऱ्याच एका कामासाठी तयार केलेले आणि छापून आलेले सुमारे १२ हजार चौघरी तक्ते. ते तयार करणारा होता एगॉन पिअर्सन, कार्ल पिअर्सनचा मुलगा. फिशरने त्या सगळ्यांचे काय-स्क्वेअर काढून सरासरी घेतली. ती एकच्या इतकी जवळ आली की फरक दशांश चिन्हानंतर बराच पुढे जाऊन शोधावा लागला.